घरच्या वायफायचं आणि ब्लूटूथचं नाव काय ठेवावं? जिन्यात उभं राहून वाचलेली यादी

माधवी_पिंप्राळा
नमस्कार मंडळी. आम्ही जळगावला पिंप्राळा भागात राहतो, चार मजली इमारत आहे. आखाजीच्या आठवड्यात लिफ्ट बंद पडली होती. दळणाचा डबा घेऊन चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम खायला थांबले आणि सहज फोन काढला. वायफायच्या यादीत चौदा नावं होती. Patil_B204, Mahajan 301, Sonar_CCTV, Aai_Baba_Home, आणि एका नावात तर अख्खा मोबाइल नंबर.

मी तिथेच उभी राहून ती यादी वाचत राहिले. एकाही दारावर टकटक न करता कोण कुठे राहतं, कोणाकडे कॅमेरा आहे, कोणत्या घरात फक्त म्हातारा-म्हातारी आहेत, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. शिवाय महाजनांचं नाव दोन दिवसांनी यादीतून गेलं, कारण ते मेन स्विच बंद करून पारोळ्याला गेले. चार दिवसांनी ते परत दिसायला लागलं.

Patil_B204 हे आमचंच. जोडणी करायला आलेल्या मुलाने तीन वर्षांपूर्वी ते टाकलं आणि पासवर्ड म्हणून सासऱ्यांचा मोबाइल नंबर दिला. सासरे विमा सल्लागार आहेत, दारावर त्यांची पाटी आहे आणि पाटीवर तोच नंबर. म्हणजे नाव हवेत, पासवर्ड दारावर.

आता मला ते बदलायचं आहे. नाव काय ठेवावं, आणि बदलताना काय काय बिघडतं? मुलीच्या फोनचं ब्लूटूथचं नावही तिच्या पूर्ण नावाचं आहे, त्याचंही सांगा.

अण्णा_चाळीसगाव
ताई, सोपा उपाय आहे. राउटरमध्ये नाव लपवायची सोय असते, ती चालू करा. नाव कोणाच्याच यादीत येत नाही, नवा फोन जोडताना आपण हाताने टाकायचं. मी दोन वर्षं असंच ठेवलं आहे, काही त्रास नाही. नाव दिसणारच नाही तर ते काय आहे याने काय फरक पडतो?

तापीकाठ
अण्णा, अर्धं बरोबर आहे तुमचं. मी भुसावळला ब्रॉडबँडच्या जोडण्यांचं काम बरीच वर्षं केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' अशी हाळी देतो. नाव लपवलं तरी हाळी थांबत नाही, फक्त त्यातली नावाची जागा रिकामी जाते. तुमचा फोन जोडला जाताना मात्र त्याला नाव घ्यावंच लागतं, आणि ज्याला ऐकायचं आहे तो ते तेव्हा ऐकतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उघड्या नावाचं नेटवर्क असेल तर फोन गप्प बसून हाळी ऐकतो आणि ओळखीचं नाव आलं की जोडला जातो. लपवलेल्या नावाची हाळी रिकामी असल्याने फोनला स्वतःच विचारावं लागतं, 'अमुक नावाचा आहे का कोणी?' हे तो घरीच विचारतो असं नाही, चाळीसगावच्या स्टँडवरही विचारतो आणि नाशिकच्या हॉटेलातही. नावात आडनाव असेल तर राउटरने झाकलेलं आडनाव तुमचा खिसा गावभर सांगत फिरतो.

म्हणून नाव उघडंच ठेवा, पण त्यात सांगण्यासारखं काही नको.

अण्णा_चाळीसगाव
फोनचं हे मला माहीत नव्हतं. पण आमच्या गल्लीतली पोरं यादी पाहून 'काका, पासवर्ड सांगा ना' म्हणत दारात यायची, ते लपवल्यापासून थांबलं. हा फायदा खरा आहे की नाही?

तापीकाठ
हो, तो खरा आहे. साध्या माणसाच्या यादीतून नाव जातं. तेवढ्यासाठी ठेवत असाल तर ठेवा, फक्त लपवलेल्या नावातही आडनाव आणि घर नंबर नको.

धुळ्याना_भाऊ
ताई, आमनाकडे बी हाईच गत शे. शेजारना पोऱ्या आमनं नेट वापरस, रातले व्हिडिओ अडकी अडकी चालस. नाव बदलावर तो बंद व्हई का? स्पीड वाढी का?

माधवी_पिंप्राळा
भाऊ, माझा प्रश्न स्पीडचा नाही हो. नावावरून आपली माहिती बाहेर जाते, त्याबद्दल विचारते आहे.

तापीकाठ
भाऊ, नुसतं नाव बदललं तर तो मुलगा नव्या नावावर जुनाच पासवर्ड टाकून परत येईल. त्याला थांबवायला पासवर्ड बदला. नावाने स्पीड वाढत नाही आणि कमीही होत नाही.

माधवीताई, तुमच्या बाबतीत मला नावापेक्षा पासवर्डची काळजी जास्त वाटते, पण दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. कसे ते सांगतो.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत वायफायला WPA2 नावाची सुरक्षा पद्धत असते. त्यात तुम्ही टाकलेला पासवर्ड तसाच वापरला जात नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ते 4096 वेळा घोटलं जातं आणि त्यातून खरी किल्ली तयार होते. म्हणजे नाव ही किल्लीतली एक वस्तू आहे. राउटरवर कंपनीने दिलेलं सरसकट नाव तसंच ठेवलं तर त्या नावासाठी नेहमीच्या पासवर्डांच्या किल्ल्या कोणीतरी आधीच घोटून ठेवलेल्या असू शकतात. म्हणून 'कंपनीचं नाव असू दे, त्यात आपलं काही नाही' हा सल्लाही मी देत नाही. शिवाय त्या नावावरून डबा कोणत्या कंपनीचा हेही कळतं. नाव आपलं वेगळं हवं, पण त्यातून आपण दिसायला नको.

आता मोबाइल नंबरचा हिशोब बघा. आपले नंबर 10 आकडी, पहिला आकडा 6 ते 9. एकूण शक्यता 400 कोटी. ऐकायला खूप वाटतात. पण तुमचा फोन राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण एकदा टिपली की पुढचे प्रयत्न तुमच्या दाराशी करावे लागत नाहीत, स्वतःच्या घरी बसून करता येतात. एखादं चांगलं गेमिंगचं ग्राफिक कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास प्रयत्न करतं. 400 कोटींना चार हजार सेकंद लागतात, म्हणजे सव्वा तासाच्या आत सगळे नंबर संपतात. आणि तुमच्या दारावर तर पाटीच आहे.

पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा, घरच्यांना तोंडी सांगता येतील असे. देव, मुलांची नावं, गाव, जन्मसाल नको. त्यापुढच्या WPA3 मध्ये हा घरी बसून करायचा प्रकार चालत नाही, पण तुमचा टीव्ही जुना असेल तर तो WPA3 ला जोडलाच जाणार नाही.

गुरुजी_अमळनेर
उत्तम चर्चा. माझा आग्रह असा की नाव मराठीत, देवनागरीत असावं. मी आमच्या घराचं नाव 'श्री गणेश कृपा निवास' असं टाकून पाहिलं. राउटरने ते घेतलंच नाही. 'नाव फार मोठं' असा संदेश येतो. सतरा-अठरा अक्षरं म्हणजे मोठं कसं? इंग्रजीत तर याहून लांब नावं दिसतात.

तापीकाठ
गुरुजी, मर्यादा अक्षरांची नाही, 32 बाइटची आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात. नुसत्या 'श्री' मध्ये श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे 12 बाइट तिथेच गेले. तुमचं पूर्ण नाव 54 बाइटचं होतं. 'गणेश कृपा' एवढंच ठेवलं तर 25 होतात आणि ते बसतं.

पण गुरुजी, 'गणेश कृपा' ही पाटी तुमच्या बंगल्यावर असेल ना? मग ते नाव म्हणजे पत्ताच झाला.

गुरुजी_अमळनेर
पाटी आहे, बरोबर. मग एखादं झाड किंवा पक्षी घेतो. 'आंबराई' चालेल का?

तापीकाठ
18 बाइट, आरामात बसेल. एकच अडचण सांगून ठेवतो. फोनवर देवनागरी नीट दिसते, पण काही जुने प्रिंटर आणि टीव्ही त्याजागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं दाखवतात. घरात तसं एखादं यंत्र असेल तर रोमन लिपीतच लिहा.

रावेरकर_केळीवाला
माझा अनुभव लिहितो, ताईंना उपयोगी पडेल. मागच्या वर्षी मी आडनावाचं नाव काढून दुसरं टाकलं, पासवर्डही बदलला. पाच मिनिटांचं काम. फोन सगळे जोडून घेतले. पण गच्चीवरच्या सोलरच्या इन्व्हर्टरला वायफायची एक कांडी असते, ती विसरलो. वीज तयार होतच होती, पण फोनवरच्या ॲपमध्ये युनिट दिसायचे बंद झाले. मला वाटलं इन्व्हर्टर गेला. बसवणाऱ्याला रावेरहून तीनदा फोन केला, तो आठ दिवसांनी आला आणि म्हणाला, 'काका, वायफायचं नाव बदललं का?'

त्या कांडीला नवं नाव द्यायचं तर आधी फोन त्या कांडीच्या स्वतःच्या नेटवर्कला जोडावा लागतो, मग तिच्यात घरचं नाव आणि पासवर्ड टाकायचा. आणि राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतो, त्यातल्या फक्त 2.4 वर ती चालते, 5 वर नाही.

एक प्रश्न मलाही आहे. त्या कांडीचं स्वतःचं जे नाव हवेत दिसतं ते AP_ ने सुरू होतं आणि पुढे तिचा सिरियल नंबर असतो. ते कसं बदलायचं?

तापीकाठ
तुमच्या कांडीबद्दल नक्की सांगता येणार नाही, काहींमध्ये ते बदलतं, काहींमध्ये कुलूप असतं. पण तिच्या त्या स्वतःच्या नेटवर्कला पासवर्ड आहे का ते आधी बघा. नसेल किंवा 12345678 असा असेल तर तो बदलणं नावापेक्षा जरुरी आहे.

माधवीताई, राउटर बदलायच्या आधी ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 उघडा, डब्याच्या खालच्या चिकटपट्टीवर नक्की पत्ता आणि प्रवेशाचा पासवर्ड असतो. आत जोडलेल्या यंत्रांची यादी मिळते. ती कागदावर उतरवून घ्या. नाव बदललं की यातलं प्रत्येक यंत्र तुटणार आहे, आणि टीव्ही, कॅमेरा, सोलर ही मंडळी स्वतःहून तक्रार करत नाहीत. 2.4 आणि 5 ची दोन वेगळी नावं असतील तर दोन्ही बदला. मी अनेक घरांत पाहिलंय, 2.4 चं नाव नवं आणि 5 चं अजून आडनावाचंच.

सायली_नंदुरबार
ब्लूटूथबद्दल मी सांगते, कारण माझ्यावर तो प्रसंग आला आहे.

मी शिकायला भुसावळला होते, शनिवारी सुरत लाइनच्या गाडीने घरी यायचे. एकदा जळगाव सुटल्यावर नवे इअरफोन जोडायला ब्लूटूथची सेटिंग उघडली. ते काही सापडेनात म्हणून धरणगाव येईपर्यंत ती खिडकी तशीच उघडी ठेवून बसले. समोरच्या बाकावर दोन मुलं होती. अमळनेरला गाडी थांबली तेव्हा त्यातल्या एकाने मला नावाने हाक मारली. पूर्ण नावाने, आडनावासकट. मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. दोंडाईचापर्यंत मी बॅग पोटाशी धरून बसले होते आणि घरी कोणाला सांगितलं नाही, कारण गाडीने येणंच बंद झालं असतं.

नंतर मैत्रिणीने दाखवलं. फोनचं ब्लूटूथ नुसतं चालू असेल तर अनोळखी फोनच्या यादीत आपलं नाव सहसा येत नाही. पण ब्लूटूथची सेटिंग उघडी असते तेवढा वेळ फोन सगळ्यांना दिसतो, आणि माझ्या फोनचं नाव माझं पूर्ण नाव होतं. फोन घेतला तेव्हा सुरुवातीला नाव विचारतात, ते मी भरलं होतं.

ताई, तुमच्या मुलीचं नाव आजच बदला. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या 'फोनबद्दल' या भागात यंत्राचं नाव असतं, नाहीतर ब्लूटूथच्या पानावर. आयफोनमध्ये 'जनरल', मग 'अबाउट', त्यात पहिलीच ओळ नावाची. आयफोनचं हे एकच नाव हॉटस्पॉटला आणि एअरड्रॉपलाही लागतं. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटचं नाव बहुतेक वेळा वेगळं असतं, ते हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन बदलावं लागतं. मी ते विसरले होते, दोन महिने हॉटस्पॉटवर माझंच नाव होतं.

माधवी_पिंप्राळा
सायली, वाचून पोटात गोळा आला. आज रात्रीच बदलते. इअरफोनचं काय? तिने इअरफोनलाही स्वतःचं नाव दिलंय.

तापीकाठ
अँड्रॉइड फोनमधून जोडलेल्या इअरफोनचं नाव बदललं तर ते सहसा फक्त त्या फोनपुरतं बदलतं, बाहेरच्यांना मूळ मॉडेलचंच नाव दिसतं. कंपनीच्या ॲपमधून बदललं असेल तर मात्र ते इअरफोनच्या आत जातं आणि सगळ्यांना दिसतं. खात्री करायची तर घरातला कधीच न जोडलेला एखादा फोन घ्या, इअरफोन जोडणीच्या अवस्थेत टाका आणि काय दिसतं ते वाचा. वायफायसाठीही हीच रीत. आपल्या फोनवर नाही, दुसऱ्याच्या फोनवर बघायचं.

लॅपटॉप राहून जातो. विंडोजमध्ये 'सिस्टिम', 'अबाउट', तिथे यंत्राचं नाव बदलतं आणि पुन्हा चालू केल्यावर लागू होतं. ब्लूटूथवर तेच नाव दिसतं, आणि ज्या ज्या राउटरला लॅपटॉप जोडाल त्या राउटरलाही सहसा तेच कळतं.

अण्णा_चाळीसगाव
यावरून आठवलं. मी जुनी गाडी विकली तेव्हा तिच्या म्युझिक सिस्टिमच्या ब्लूटूथ यादीत घरातल्या चौघांच्या फोनची नावं तशीच राहिली होती. घेणाऱ्यानेच फोन करून सांगितलं, चांगला माणूस होता. संपर्कांची यादीही आत उतरलेली होती. गाडी विकताना ते पुसून द्या.

पारोळ्याचा_दुकानदार
माझं मत थोडं वेगळं आहे. माझं स्टेशनरीचं दुकान आहे, वायफायला दुकानाचं नाव आहे आणि ते मी बदलणार नाही. गिऱ्हाईकाला झेरॉक्ससाठी फाइल पाठवायला नेट लागतं, त्याला आमचं कोणतं हे ओळखता यायला हवं. दुकानाचं नाव बोर्डावर आहेच, लपवायचं काय?

तापीकाठ
दुकानासाठी ते योग्यच आहे. फक्त गिऱ्हाईकांसाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क चालू करा आणि दुकानाचं नाव त्यालाच द्या. बिलिंगचा संगणक आणि कॅमेरा ज्यावर आहेत त्या मुख्य नेटवर्कचं नाव दुकानाशी न जुळणारं ठेवा. Sonar_CCTV सारखं तर नकोच, कॅमेरा कोणत्या नेटवर्कवर आहे हे कशाला सांगायचं?

गुरुजी_अमळनेर
एक शंका. नातू म्हणतो नावाच्या शेवटी _nomap लिहायचं असतं. ते काय आहे?

तापीकाठ
नातू बरोबर सांगतो. रस्त्याने जाणारे फोन दिसलेल्या राउटरची नोंद करतात आणि त्यातून नकाशावर जागा ओळखायला मदत होते. नावाच्या अगदी शेवटी _nomap असेल तर गूगल तो राउटर त्या नोंदीत वापरत नाही. मायक्रोसॉफ्टसाठी _optout लिहितात, ते नावात कुठेही चालतं. दोन्ही हवं तर असं:

```
Ambarai_optout_nomap
```

हे 20 बाइट झाले. पण याने जिन्यात उभ्या असलेल्या माणसापासून काहीच लपत नाही, उलट त्याला एवढं लांब नाव वाचायला मिळतं. आणि नाव कसंही ठेवलं तरी राउटरचा स्वतःचा जो कायमचा क्रमांक असतो तो हाळीबरोबर जातोच, त्यावरून डब्याची कंपनी कळू शकते. तो नावाने झाकत नाही.

माधवी_पिंप्राळा
रविवारी सकाळी बसून केलं. सासरे शेजारी खुर्ची घेऊन बसले होते.

आधी यादी उतरवली. अकरा यंत्रं निघाली, आम्हाला वाटत होतं सहा. दोन तर कोणाची ते अजून कळलेलं नाही, त्यातलं एक आता पासवर्ड बदलल्यावर परत आलं नाही. मुलीचा फोन त्या यादीतही पूर्ण नाव आणि जन्मसालासकट होता. तिने स्वतः बदललं, काय ठेवलं ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वायफायला एका भाजीचं नाव दिलं, आडनाव आणि घर नंबर गेला. पासवर्ड पाच शब्दांचा, सासऱ्यांनीच शब्द निवडले. टीव्हीच्या रिमोटवरून तो टाकायला वीस मिनिटं लागली. 5 चं नाव बदलायचं खरंच राहिलं होतं, तापीकाठ यांनी लिहिलं नसतं तर तसंच राहिलं असतं. मग शेजारच्या वहिनींचा फोन मागून घेतला आणि जिन्यात त्याच वळणावर जाऊन पाहिलं. Patil_B204 कुठेच नव्हतं.

पण दिवाणखान्यातल्या टीव्हीचं ब्लूटूथ नाव त्या फोनवर दिसलं. त्यात टीव्हीचा आकार इंचांत आहे. सेटिंगमध्ये नाव बदलायला जागा मिळाली नाही. टीव्ही बंद असला तरी ते दिसतं, भिंतीवरचं बटण बंद केलं की जातं. कोणी हे बदललं आहे का?

तापीकाठ
काही टीव्हींमध्ये सेटिंगमधल्या 'सिस्टिम' किंवा 'या टीव्हीबद्दल' या भागात यंत्राचं नाव असतं, ब्लूटूथच्या पानावर नसतं. तिथे पाहिलंत का?

माधवी_पिंप्राळा
तिथे पाहिलं नाही. संध्याकाळी बघून लिहिते. महाजन वहिनींनाही सांगायचं आहे, पण त्यांना 'तुम्ही गावाला गेल्याचं मला वायफायवरून कळलं' हे कसं सांगावं ते सुचत नाहीये.

सायली_नंदुरबार
तसंच सांगा ताई. माझ्या मैत्रिणीने मला तसंच सरळ सांगितलं होतं.